मागच्या खोलीची मुदत

आजोबांची उर्दू वाटणीचिठ्ठी मी लातूरच्या कोर्टासाठी नांदेडच्या अनुवादकाला दिली होती. त्याचा ईमेल आला: “‘मागची खोली आणि आड धाकट्या सुनेकडे, तिचा मुलगा कमावता होईपर्यंत.’ ही मुदत दोन्हींना की फक्त आडाला? खुलासा करावा, नाहीतर दोन्ही अर्थ तळटीपेत देईन.”

धाकटी सून म्हणजे माझी चुलती. मी पोरका झाल्यावर तिनं मला उंबऱ्याबाहेर जेवायला बसवलं होतं. तिचा मुलगा आता कमावत होता; मुदत खोलीलाही असेल तर ती माझ्याकडे येत होती.

मी फोन केला. “मुदत दोन्हींना. टीप नको.”

“साहेब, सही माझी हाय. टीप राहणारच.”

मी कागद काढून घेतला आणि काहीच न विचारणाऱ्या दुसऱ्या अनुवादकाला दिला; त्यानं माझाच अर्थ लिहिला. चुलतीच्या वकिलाला उर्दू येत नव्हती. निकाल माझ्या बाजूनं लागला.

खोली सोडताना ती म्हणाली, “भाकरी केलीय. जेवून जा, बाबा.”

“आता तू बस उंबऱ्याबाहेर,” मी म्हणालो आणि कुलूप लावलं.