बिनपगारी वर्ष

रंगाच्या कारखान्यात त्याला सगळे रंगराव म्हणत. खरं नाव हजेरीच्या मशीनला तेवढं ठाऊक होतं. शेड लॅबचा तो प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर खोलीत माणसं दोनच, हा आणि हाताखालची एक मुलगी. टाकीतून नमुना आला की तो कार्डावर ओढायचा, वाळू द्यायचा, मूळ नमुन्याशेजारी धरून दिव्यांच्या पेटीत बघायचा. उन्हासारख्या दिव्याखाली तंतोतंत जुळलेला राखाडी घरातल्या पिवळ्या दिव्याखाली हिरवट दिसतो, आणि भिंत रंगवून झाल्यावर गिऱ्हाईक बोंब मारतं. ती बोंब उठू नये म्हणून रंगराव होता. त्याने मान डोलावल्याशिवाय टाकी रिकामी होत नसे. एवढं एक सुख त्याला आयुष्यभर पुरलं असतं.

पण आक्काचं बिनसलं.

आक्का त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि स्वतःचा संसार मांडायचं राहूनच गेलं होतं. आता ती त्याच्याच घरी राहत होती आणि विसरत चालली होती. आधी चष्मा, मग गॅस, मग रस्ता. सांभाळायला ठेवलेली पहिली बाई आठवड्यात गेली, कारण आक्काने तिच्यावर बांगडी चोरल्याचा आळ घेतला. बांगडी तांदळाच्या डब्यात निघाली. दुसरी बाई टिकली, पण एका दुपारी तिचा डोळा लागला आणि आक्का गाऊनवर चार गल्ल्या पलीकडे एका अनोळखी दारात उभी राहून "बाळ्या शाळेतून आला का?" असं विचारत होती. बाळ्या म्हणजे रंगराव. त्याला कामावरून बोलावून घ्यावं लागलं.

बायको एका शाळेच्या कार्यालयात होती. त्या संध्याकाळी तिने सरळ विषय काढला.

"अहो, दोघांपैकी एकाला घरी बसायला हवं. आक्का माझं ऐकत नाहीत. मला तर त्या भाडेकरू समजतात."

"म्हणजे मी बसू?"

"माझ्या पगारात भागेल. चैन नाही होणार. तशी आत्ता तरी कुठे चाललीय?"

एचआरच्या बाईंनी त्याला नियम समजावून सांगितला. एक वर्षापर्यंतची बिनपगारी रजा मिळू शकते, पण तो हक्क नाही. मंजुरी कारखान्याच्या मोठ्या साहेबांची. "अर्जात कारण लिहा, मुदत लिहा, परत येण्याच्या अटी लिहा. आणि मुख्य म्हणजे तुमच्या जागी कोण आणि कसं, ते लिहा. साहेब तेच आधी वाचतात."

पहिला मसुदा त्याने एकट्याने लिहिला. बायकोने वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"'आपला आजन्म ऋणी राहीन' हे काय? रजा मागताय की भीक?"

"नम्रपणे लिहावं म्हटलं."

"नम्र राहा, लोटांगण नको. आणि परत कुठल्या जागेवर येणार ते कुठाय? ते आधी लिहा. साहेब उद्या बदलतील, कागद राहील."

मग दोघांनी मिळून जेवणाच्या टेबलावर अर्ज पुन्हा घडवला. आक्का समोर बसून वाटाणे सोलत होती आणि सालं भांड्यात, दाणे कचऱ्यात टाकत होती. एक वर्षाची बिनपगारी रजा. सेवा अखंड धरावी, ज्येष्ठता कायम राहावी. हा काळ वेतनवाढीला मोजला नाही तरी हरकत नाही. आजारपणाच्या विम्याचा हप्ता मी भरीन. या काळात दुसरीकडे नोकरी करणार नाही. परत येण्याआधी महिनाभर लेखी कळवीन. परत आल्यावर त्याच पदावर, त्याच पगारावर रुजू करून घ्यावं.

बदलीची व्यवस्था त्याच्या डोक्यात आधीपासून पक्की होती. प्रमुखाचं काम हाताखालच्या मुलीने बघावं, त्याबद्दल तिला भत्ता मिळावा, आणि तिच्या जागी वर्षभरासाठी कंत्राटी माणूस घ्यावा. जायच्या आधी तीन आठवडे तो तिला सगळं हातात देईल आणि पुढेही फोनवर सांगत राहील.

मुलीला विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करत राहिली.

"काका, मला दुसऱ्या कंपनीकडून बोलावणं आलंय. तुमच्यासाठी ते सोडीन. पण तुम्ही चार महिन्यांत परत आलात तर? भत्ता जाणार, तिकडची जागाही गेलेली. मी मग कुठे जाऊ?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. घरी येऊन त्याने अर्जात आणखी एक वाक्य घातलं: बदलीच्या व्यक्तीचं नुकसान होऊ नये म्हणून मुदत संपण्यापूर्वी मी रुजू होण्याची मागणी करणार नाही.

बायको म्हणाली, "हे कशाला? तुमचे हात तुम्हीच बांधताय."

"आक्काचं दुखणं वर्षात संपणारंय का? उलट वर्ष कमी पडेल."

तिलाही तसंच वाटत होतं.

अर्ज घेऊन गेला तेव्हा साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. "अहो रंगराव, तुमची जागा कोण घेणार? तुम्ही घरचे." पण चार दिवसांनी एचआरच्या बाईंनी जो कागद पुढे केला त्यात 'त्याच पदावर' याच्यापुढे 'किंवा त्याच दर्जाच्या अन्य पदावर, उपलब्धतेनुसार' असं जोडलेलं होतं. रंगराव आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या टेबलासमोर अडून बसला.

"जागा उपलब्ध नसली तर मी काय रस्त्यावर?"

बाई आत गेल्या, बाहेर आल्या. 'उपलब्धतेनुसार' खोडलं गेलं. 'अन्य पद' मात्र राहिलं. "दर्जा तोच, पगार तोच. याहून जास्त लिहून मिळणार नाही," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून पुढे म्हणाल्या, "हेही खूप झालं, खरं सांगते." लवकर न परतण्याच्या त्याच्या वाक्याला मात्र कुणी हात लावला नव्हता. त्याने सही केली.

सुरुवातीचे दिवस वाईट नव्हते. तो आक्काला सकाळी अंगणाच्या कडेने फिरवायचा, केस विंचरून द्यायचा. लॅबमधल्या मुलीचा फोन दिवसातून दोनदा यायचा. "काका, हा बदामी वाळला की गडद होतोय." तो विचारायचा, "ओला बघतेस की सुका?" मग फोन आठवड्याने येऊ लागला, मग थांबला. चांगलं शिकली पोरगी, असं तो बायकोला अभिमानाने सांगायचा, आणि फोन बाजूच्या खोलीत राहिला तर उठून घेऊन यायचा.

तिसरा महिना सरता सरता आक्का न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर म्हणाले, पण छातीत कफ भरला. दवाखान्यात ती त्याच्याकडे बघून नर्सला म्हणाली, "हे गृहस्थ फार भले आहेत हो. यांना आता घरी जाऊ द्या." त्यानंतर ती बोलली नाही. दोन दिवसांत सगळं संपलं.

लोक येऊन गेले. बायकोची रजा संपली, ती शाळेत जाऊ लागली. दार लोटून ती निघून गेली की घर त्याच्या अंगावर यायचं. आक्कासाठी दाराला बाहेरून लावलेली कडी त्याने काढून टाकली. गॅसचा लपवून ठेवलेला नॉब पुन्हा बसवला. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

तो कारखान्यात गेला. एचआरच्या बाईंनी मनापासून दुःख व्यक्त केलं. मग फाइल काढली.

"रंगराव, तुम्हीच लिहून दिलंय."

"ते तिच्या भल्यासाठी होतं. आता तिलाच विचारा ना."

"त्याच अर्जावर तिला वर्षाचं पत्र दिलंय. नवीन मुलाचं कंत्राटही वर्षाचं आहे. मध्येच मोडलं तर दोघंही आमच्या दारात उभे राहतील."

"मग तोवर दुसरीकडे काही..."

"दुसरीकडे नोकरी करणार नाही, हेही आहेच." त्यांनी फाइल मिटली. फाइल मिटताना त्या ओशाळल्या होत्या, एवढं खरं.

लॅबच्या काचेतून त्याने आत पाहिलं. भिंतीशी नवं यंत्र आलं होतं, नमुन्यावर टेकवलं की आकडे सांगणारं. मुलगी बाहेर आली. आक्काचं ऐकून तिचे डोळे भरले. मग ती त्याच्या बुटांकडे बघत उभी राहिली.

"काका, मी जागा सोडायला नाही म्हटलं तर..."

"तू काही म्हणायचं नाहीस. वाक्य माझं आहे."

बोलला खरा, पण फाटकापर्यंत जाताना त्याला वाटत राहिलं, तिने एकदा तरी म्हणायला हवं होतं, या काका. मग तसं वाटल्याची लाज वाटली. ती म्हणाली असती तरी काही होणार नव्हतं.

उरलेलं वर्ष त्याने कसंबसं ढकललं. घराची एक भिंत रंगवली. रंग बाजारातला घेतला होता. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा भिंत हिरवट दिसली. बायको म्हणाली, "छान आहे की." त्याने दिवा मालवला. दुपारी झोपायची सवय लागली, अन्नावरची वासना उडाली. बायको त्याच्यासाठी डबा भरून ठेवून जायची आणि संध्याकाळी तो तिला तसाच भरलेला सापडायचा. एकदा ती चिडून म्हणाली, "आक्का गेल्यात. तुम्ही नाही." मग स्वतःच रडत बसली. तो तिच्याजवळ जाऊन बसला.

मुदत संपायच्या महिनाभर आधी त्याने अटीप्रमाणे पत्र दिलं. उत्तर वेळेवर आलं. दर्जा तोच, पगार तोच, ज्येष्ठता कायम. पद: वरिष्ठ पर्यवेक्षक, तयार मालाचं गोदाम. शेड लॅबच्या प्रमुखपदी मुलीला कायम करण्यात आलं होतं.

"लढू या," बायको म्हणाली. ओळखीच्या वकिलाने कागद दोनदा वाचला आणि परत केला. दर्जा पाळला, पगार पाळला. अन्य पद तुम्हीच मान्य केलंत. कशावर लढायचं?

"सोडा मग ही नोकरी."

"आणि या वयात करू काय?"

तिने पत्राची घडी घालून ते फाइलमध्ये ठेवलं.

गोदाम कारखान्याच्या मागच्या अंगाला होतं, उंच, पत्र्याचं. वरून दिव्यांच्या लांब रांगा, खाली झाकणबंद डब्यांच्या थप्प्या. तिथला जुना गोदामवाला मनमोकळा माणूस होता. त्याने आपली खुर्ची पुसून पुढे केली.

"बसा साहेब. इथे डोक्याला ताप नाही. डबा कुठला तो कोड बघायचा, ट्रक कुठला तो बघायचा. झाकण उघडायची गरजच पडत नाही."

रंगरावने रुजू अहवालावर सही केली. दुपारी बायकोचा फोन आला.

"कसं आहे?"

"माणूस बरा आहे," तो म्हणाला.

"जेवलात का?"

"जेवतो."

बाहेर ट्रक मागे मागे येत होता. गोदामवाल्याने हाक मारली आणि रंगराव कोडचा कागद घेऊन उठला.