घराघरांतला मसाला

दौंडचा माझा मेव्हणा मोबाईलचं चालतं दुकान बंद करून एका मसाला कंपनीची एजन्सी घेणार होता. त्यानं सल्ला विचारला तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवर ‘घराघरांतला ब्रँड’ एवढं वाचूनच मी होकार दिला होता. शिरूरच्या बँकेत कंपन्यांची कर्जं तपासणारा मी! करारावर सही व्हायच्या सकाळी त्याच्या दुकानात बसून मी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. जवळजवळ सगळी विक्री दोन फरसाण कारखान्यांना होती, मालही पोत्यांत जात होता आणि जाहिरातीवर खर्च जवळपास नव्हताच.

करार घेऊन आलेल्या कंपनीच्या माणसाला विचारलं, “घरी कोण विकत घेतं तुमचा मसाला?”

“साहेब, फरसाण घरातच खातात ना?”

माझं टाळकं सटकलं. “म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कारखाना! हा दुकानात पोती कुणाला विकणार?”

मेव्हण्यानं करार परत सरकवला. कंपनीचा माणूस गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाला, “दाजी, हे आधी वाचायला काय झालं हुतं?”