दाबून भरलेला डाव

मेसच्या मावशींना आयुष्यात एकच शब्द समजत नसे, तो म्हणजे ‘बास’. कुणी ‘बास’ म्हटलं की त्यांच्या लेखी त्याचा अर्थ ‘अजून एक’ असा व्हायचा. तेवीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात दुपारचा स्वयंपाक आणि दुपारचं वाढप त्यांच्याकडे होतं. रात्री दुसरा आचारी यायचा. तो बिचारा सरळमार्गी माणूस. भाताचा डाव भरायचा, काठावरून सुरीच्या पाठीनं सपाट करायचा, ताटात उलटा करायचा आणि ‘पुढे चला’ म्हणायचा. मावशी त्याला तोंडावर ‘मोजणी अधिकारी’ म्हणत. तो हसून सोडून द्यायचा.

मावशींची एक कला होती. तिच्याबद्दल त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही, कारण ती कला आहे असं त्यांनाच ठाऊक नव्हतं. पातेल्याच्या कडेला डाव टेकवून त्या भात आत दाबायच्या. वरून डाव सपाटच दिसायचा, पण आत भात ठासलेला असायचा. हे सगळ्यांसाठी नाही हं! जी मुलगी ताटात टाकते, जी वाढताना नाक मुरडते, तिच्या वाट्याला मोकळा डाव. जी वाळलेली दिसते, घरच्या आठवणीनं डोळे सुजवून येते, तिला दाबून. लोकांना देण्यासारखं मावशींकडे दुसरं होतं काय? स्वतःची लेक परदेशात, महिन्यातून एकदा फोन, तोही ‘जेवलीस का?’ विचारेपर्यंत संपणारा.

त्या वर्षी पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. इतकी बारीक की मावशींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘काडी’ ठेवलं. मुलगी रागावली नाही, उलट हसली. झालं! मावशींचा जीव जडला.

महिनाभरानं, सकाळी भाजी चिरताना मावशींच्या फोनवर मेसेज आला. मेसच्या फलकावर त्यांचा नंबर लिहिलेला असे. ‘उद्या जेवायला नाही’ एवढं कळवायला मुली तो वापरायच्या. पण हा मेसेज लांबलचक होता. मावशींनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचला.

‘मावशी, मी काडी. राग मानू नका. दुपारच्या जेवणात भाताच्या एका डावात किती ग्रॅम भात येतो? शिजलेला. बटाट्याच्या भाजीचा डाव, डाळीची वाटी आणि एक पाव, यांचंही वजन सांगाल का? मला ताटाचा अंदाज करायचा असतो.’

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवीस वर्षांत वाढप्याला वजन विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. ‘कमी वाढते असं म्हणायचंय की काय हिला? आणि तेही मला? मला!’ अर्धा बटाटा त्यांनी रागाच्या भरात इतका बारीक चिरला की त्याची भाजी होण्याऐवजी लगदा झाला.

दुपारी काडी ताट घेऊन समोर आली तेव्हा त्यांनी विचारलंच. “काय गं, आमच्यावर तपासणी लावलीस का?”

मुलगी कानापर्यंत लाल झाली. मागची रांग पुढे जाईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, “मावशी, मला लहानपणापासून मधुमेह आहे. जेवायच्या आधी सुई घ्यावी लागते. ताटात भात किती, पाव किती, त्यावरून औषध किती टोचायचं ते ठरतं. घरी आई मोजून द्यायची. इथे सगळ्यांसमोर काटा काढून बसायची लाज वाटते.”

“अगं बाई,” मावशी म्हणाल्या. एवढ्याशा पोरीला रोज सुया! त्या दिवशी डाव पातेल्याच्या कडेला जरा जास्तच दाबला गेला.

पण काम म्हणजे काम. वाढप आटोपल्यावर मावशींनी कोठीतला काटा पुसून घेतला. आधी रिकामं ताट ठेवून त्याचं वजन लिहिलं. मग डाव भरून, सुरीच्या पाठीनं अगदी नीट सपाट करून ताटात घातला. एकदा नाही, दहा वेळा. दहांची बेरीज करून भागाकार केला. वजन करायचं म्हटल्यावर सगळं चोख हवं, म्हणून डाव दाबायचं त्यांच्या मनातही आलं नाही. काट्यासमोर त्या शाळेतल्या पोरीसारख्या सरळ उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांनी एका बोटानं टाइप केलं: ‘भात एक डाव दीडशे ग्रॅम. भाजी नव्वद. डाळ वाटी एकशे वीस. पाव चाळीस.’ खाली त्यांनी एक फुलाचं चित्र टाकलं.

उत्तर लगेच आलं. ‘मावशी, तुम्ही माझं किती मोठं काम केलंत!’

मावशींनी तो मेसेज आठवडाभर ज्याला त्याला दाखवला. रात्रीच्या आचाऱ्याला तर दोनदा. “बघ, मोजणी अधिकारी, डोकं आम्हालाही आहे!”

आणि दुसऱ्या दिवसापासून? दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच हात. काडी दोन डाव भात घ्यायची, मनात तीनशे ग्रॅम धरायची, खोलीत जाऊन सुई घेऊन यायची आणि जेवायची. आणि मावशी दोन्ही डाव दाबून भरायच्या. त्यांचा हिशेब साधा होता. सांगितलं ते सांगितलं, वर आपण जे देतो ते मायेचं. माया कुठे कुणाच्या मोजमापात येते? चार घास जास्त गेले तर पोरीच्या अंगाला लागतील, बिघडणार काय त्यात!

बिघडत मात्र होतं. काडी पंधरा दिवसांनी ताट घेऊन आली तेव्हा तोंड उतरलेलं. “काय झालं गं?” मावशींनी विचारलं.

“दुपारची साखर फार वाढते, मावशी. रात्रीची बरोबर असते. दुपारीच काय होतं कळत नाही. मी मोजते तर नीट. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुपारचं औषध वाढवलंय. आता जरा ठीक येते.”

“अभ्यासाचा ताण असेल,” मावशी म्हणाल्या. आणि ताण आहे म्हणून दोन्ही डाव आणखी दाबून भरले. देवा, काय म्हणावं या बाईला! पण त्या वेळी तुम्ही-आम्ही तिथे असतो तर आपणही हेच केलं असतं.

मग मावशींची दाढ उठली. तीन दिवस लवंग धरून काढले, चौथ्या दिवशी गाल फुगून आला. दाताच्या डॉक्टरनं सकाळी अकराची वेळ दिली. मावशींनी स्वयंपाक करून ठेवला, आणि वाढायला रात्रीच्या आचाऱ्याला बोलावलं. “सगळ्यांना नीट वाढ,” असं त्याला बजावून त्या गेल्या.

त्यानं नीटच वाढलं. भरला डाव, सुरीची पाठ, सपाट. काडीला दोन डाव.

तीन वाजता मावशी परतल्या तेव्हा तोंडात कापसाचा बोळा, अर्धी जीभ बधिर. फाटकाशी मुलींचा घोळका होता. वसतिगृहाच्या मॅडम फोनवर बोलत होत्या. काडी दोन वाजता वर्गात घामाघूम झाली होती, हात थरथरायला लागले, काहीतरी असंबद्ध बोलली आणि बाकावरून खाली कोसळली. तिला दवाखान्यात नेलं होतं. साखर एकदम खाली गेली होती.

मॅडमनी आचाऱ्याला विचारलं, “तिला किती वाढलंस?”

“रोज रात्री वाढतो तसंच, मॅडम. दोन डाव. सपाट. दीडशे-दीडशे.” बिचारा घाबरून पांढरा पडला होता.

“मग तिनंच सुई जास्त घेतली असणार,” मॅडम म्हणाल्या. “या मुलींचं लक्षच नसतं.”

मावशींना काडीचं बोलणं आठवलं. रात्रीची साखर बरोबर, दुपारची जास्त. हात माझा. औषध वाढवलं ते माझ्या हाताच्या हिशेबानं, आणि आज हात नव्हता. सगळं एका क्षणात कळलं, आणि सांगायला तोंड उघडलं तर लाळेबरोबर नुसतं ‘आ आ’ बाहेर आलं. मॅडम म्हणाल्या, “मावशी, तुम्ही घरी जा, आराम करा.” मावशींनी मान हलवली, हात हलवले, कुणाला काही समजेना. त्या तशाच कोठीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

दुपारचा भात उरला होता. त्यांनी ताट ठेवलं, डाव भरला. डोळे मिटून, कडेला टेकवून, जसा काडीसाठी रोज भरत होत्या तसा. काट्यावरच्या आकड्यातून ताटाचं वजन वजा केलं, दोनशे दहा. पुन्हा भरला. दोनशे पाच. पुन्हा भरला. दोनशे पंधरा. मावशी तिथेच गोणीवर बसल्या आणि तोंडातला बोळा धरून रडल्या. बोलता येत नव्हतं, रडताही धड येत नव्हतं.

मग त्यांनी एका बोटानं मेसेज लिहिला. लिहायला त्यांना अर्धा तास लागला. ‘काडी, मी दाबून भरत होते. माझा डाव दोनशे दहाचा आहे. दीडशे मी सपाट करून सांगितला. तुझं गणित बरोबर आहे. आज आचाऱ्यानं खरा दीडशे वाढला. चूक माझी. डॉक्टरांना दाखव.’ फुलाचं चित्र टाकायला बोट गेलं आणि मागे आलं.

उत्तर रात्रीपर्यंत आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मावशींनी त्या दोन दिवसांत फोन किती वेळा पाहिला ते सांगत नाही. मॅडमना त्यांनी जीभ सैल होताच सगळं सांगितलं. मॅडम रागावल्यासुद्धा नाहीत. त्याचंच मावशींना जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला. ‘मावशी, मी बरी आहे. डॉक्टरांना दाखवला. मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. घरचे म्हणतात मेस सोड. मी म्हटलं, काटा घेऊन जाते.’

सोमवारी काडी आली. हाताच्या शिरेवर सलाइनचा निळा डाग होता. तिनं पिशवीतून छोटा काटा काढला, सगळ्यांसमोर वाढपाच्या कट्ट्यावर ठेवला, त्यावर ताट ठेवून आकडा शून्यावर आणला. मागच्या मुली बघत होत्या. तिला लाज वाटत होती, पण तिनं काटा हलवला नाही.

“मावशी, वाढा.”

मावशींनी डाव भरला. हात सवयीनं पातेल्याच्या कडेकडे गेला, आणि त्यांनी तो ओढून घेतला. सुरी घेतली, सपाट केला, घातला. दीडशे. दुसरा डाव घालताना भाताची चार शितं कट्ट्यावर सांडली. नजर वर नेली तर तिचा चेहरा दिसेल, वाळलेला, आजारी, आणि मग हात ऐकणार नाही, म्हणून मावशी आकड्याकडेच बघत राहिल्या. दोनशे ऐंशी. नव्वद. तीनशे.

“बास,” काडी म्हणाली.

मावशींनी हात थांबवला.