पाचव्या तत्त्वज्ञाचा काटा

गाझियाबादच्या एका नव्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रॅक्टिकल जोडीने करायचं आणि तोंडी परीक्षा एकेकट्याने द्यायची, अशी पद्धत होती. माझा जोडीदार नांदेडकडचा. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काकांकडे राहायचा. हे प्रॅक्टिकल आदल्या वर्षी त्याचं राहिलं होतं. पुन्हा राहिलं तर काका त्याला गावी परत पाठवणार होते. मी दिल्लीतच वाढलो, इंग्रजी फाडफाड बोलायचो आणि स्वतःला हुशार समजायचो.

प्रोग्राम असा : गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ, दर दोघांच्या मध्ये एक, असे शून्य ते चार नंबरचे जेवणाचे पाच काटे. जेवायला दोन काटे लागतात. सगळ्यांनी एकदम डावीकडचा उचलला, की उजवीकडच्याची वाट बघत सगळे अडकतात. मी प्रत्येकाला आधीच्यापेक्षा थोडं उशिरा सुरू केलं आणि प्रोग्राम धावू लागला.

"हे टिकणार नाही यार," जोडीदार म्हणाला. "नंबर आहेत ना काट्यांना? प्रत्येकाने आधी लहान नंबरचा उचलायचा, मग मोठा."

"चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" मी म्हणालो. त्याचं ऐकणं मला कमीपणाचं वाटायचं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी कोड पाहिला. माझा उशीर काढून टाकला आणि दोन काट्यांच्या मध्ये एक सेकंदाचा विराम घातला. पडद्यावर ‘डावा काटा उचलला’ अशा पाच ओळी आल्या आणि सगळं थिजलं.

"दस मिनट," म्हणून सर पुढच्या टेबलाकडे गेले.

जोडीदाराने कीबोर्ड ओढून घेतला आणि दोन ओळी बदलल्या. पहिल्या चौघांचं काहीच बदललं नाही. पाचव्याचे काटे चार आणि शून्य, तो आता आधी शून्य मागू लागला. शून्य पहिल्याच्या हातात होता, म्हणून पाचवा रिकाम्या हाताने थांबला. चार नंबरचा काटा मोकळा राहिला, तो चौथ्याला मिळाला. चौथा जेवला, त्याने काटे ठेवले, मग तिसरा जेवला. ओळी भराभर सरकू लागल्या. मला हायसं वाटलं.

सर परत आले. "किसने ठीक किया?"

"हम दोनों ने, सर," मी म्हणालो. आणि लगेच इंग्रजीत कारण सांगायला लागलो : सगळे चढत्या क्रमाने मागतात, म्हणून वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होत नाही. सरांनी मान डोलावली. मग त्यांनी जोडीदाराला इंग्रजीत तेच विचारलं. इंग्रजी त्याला जमेना. "सर, वो... नंबर से..." एवढंच म्हणाला. सरांनी फाईल मिटली.

मी पास झालो, तो पुन्हा नापास झाला. त्याने तक्रार केली नाही. सामान घेऊन गावी गेला त्या दिवशी, "तू छान समजावलंस," असंही म्हणाला. कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, अशी मी पुढे बरीच वर्षं स्वतःची समजूत घालत होतो. पण सरांनी विचारलं होतं.