एका भाड्यात पाच खोल्या

ललिता पगारे देवळाली कॅम्पहून बसने यायची आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचायची. सहा माणसांचं सॉफ्टवेअरचं दुकान आमचं. बाथरूमला कडी नाही, फ्रिजात कुणाचा तरी जुना वरण-भात, आणि मालक महेश सर दिवसभर म्हणणार, "चालतंय ना? मग झालं." या चार शब्दांचा मला वीट आला होता. तरी पगारासाठी मीही तेच म्हणायचो.

त्र्यंबकेश्वरच्या एका भक्तनिवासाचं ऑनलाइन बुकिंग आम्ही करत होतो. चौदा खोल्या. पैसे भरायचा भाग ललिताकडे होता. यात्रेकरूने पैसे भरले की पेमेंट गेटवेचा, म्हणजे पैसे वळते करणाऱ्या कंपनीचा, सर्व्हर आमच्या सर्व्हरला निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. ललिता त्या निरोपावर सहज विश्वास ठेवणारी नव्हती. तिचा प्रोग्राम गेटवेने दिलेल्या गुप्त किल्लीने निरोपाच्या मूळ मजकुरावरून आकड्या-अक्षरांची एक सही काढायचा, सोबत आलेल्या सहीशी ताडून बघायचा, जुळली नाही तर निरोप बाद. निरोपाचा नंबर आणि खोलीची नोंद एकदमच व्हायची, झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. तोच नंबर परत आला तर नवी खोली द्यायची नाही, फक्त 'मिळालं' म्हणायचं.

"उत्तर वेळेत गेलं नाही, तर ते लोक तोच निरोप पुन्हा पाठवतात रे," ती मला म्हणाली होती. "त्यांची चूक नाही. ती पद्धतच आहे."

मग डेमोचा दिवस आला. सरांना एकच जुना निरोप पुन्हा पुन्हा पाठवून, दर वेळी नाव बदलून, बुकिंग होताना दाखवायचं होतं. नाव बदललं की सही जुळेना. नाव तेच ठेवलं तर नंबर आधीचाच, म्हणून बुकिंग होईना. ललिता त्या दिवशी रजेवर होती. सर म्हणाले, "सुयश, हे नखरे बंद कर आधी." मी दोन्ही तपासण्या बंद केल्या. डेमो झकास झाला, पेढे आले, मी दोन खाल्ले. तपासण्या मात्र बंदच राहिल्या, आणि तसंच ते भक्तनिवासात चालू झालं.

तीन आठवड्यांनी सकाळी भक्तनिवासाचे व्यवस्थापक केरू यांचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला.

"सायेब, धुळ्याच्या एका माणसाच्या नावावर पाच खोल्या दिसत व्हत्या. म्या कुलपं लावून ठेवली. आता तो आलाय, म्हणतोय म्या एकच घेतली, पैसं बी एकाचंच गेलं. पेठच्या म्हाताऱ्या बयाबाई काल रातीला लेकाबरुबर आल्या व्हत्या, त्यांना म्या जागा नाय म्हणून सांगितलं. थंडीत व्हरांड्यात बसून व्हत्या बिचाऱ्या. आता तापानं फणफणल्यात. दवाखान्यात नेलंय."

ललिताने नोंदी काढल्या. गेटवेला उत्तर द्यायच्या आधी आमचा प्रोग्राम एसएमएस पाठवत बसायचा, तेही सरांच्या सांगण्यावरून. धुळ्याच्या माणसाने बुकिंग केलं त्या दिवशी एसएमएसवाला मंद होता. उत्तर उशिरा गेलं, म्हणून गेटवेने तोच निरोप आणखी चारदा पाठवला, आणि दर वेळी आम्ही एक खोली अडवली. चार रिकाम्या खोल्या कुलपात, आणि म्हातारी बाहेर.

"गेटवेची चूक आहे म्हणून लिहून दे," सर ललिताला म्हणाले. मला शिसारी आली.

"खोटं नाही लिहिणार, सर. तपासणी बंद केलेली आहे."

"पेमेंट तुझ्याकडे होतं ना? मग तूच केली असशील. गेटवेवर नाही, तर तुझ्या नावावर जाईल हे."

कोणती ओळ कुणी बदलली हे आमच्या संगणकात तारखेसकट राहतं. ललिताच्या स्क्रीनवर तेच उघडं होतं. माझं नाव मला माझ्या खुर्चीतून दिसत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसत बसलो. सरांच्या किळसवाण्या आवाजापेक्षा मला माझ्या त्या बोटांची जास्त किळस आली, तरी ती थांबली नाहीत.

ललिताने दोन्ही तपासण्या पुन्हा चालू केल्या. आधी निरोप नोंदवून लगेच उत्तर, एसएमएस मागाहून, असं करून ठेवलं. तोच निरोप पाच वेळा पाठवून पाहिला. खोली एकच गेली. मग तिने राजीनामा लिहिला आणि डबा पिशवीत भरला.

जिन्यात मी तिला गाठलं. "तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "गेटवे उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारतं, सुयश. मी एकदाच विचारते."

ती बससाठी निघून गेली. मी वर येऊन बसलो. सरांनी विचारलं, "चालतंय ना आता?"

मी म्हणालो, "हो सर."