मोठी फळी, सावकाश चेंडू

मी आज जो काही आहे तो थोरल्या भावामुळे. माण तालुक्याच्या कोरड्या रानात आमच्या घरातला पहिला पदवीचा कागद माझ्या हाती आला, तो दादाच्या फौजेतल्या पगारावर.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दादाचा उजवा हात गाडीखाली चेंगरला होता. मिरजेच्या दवाखान्यात उपचार चालू होते. पुढं फौजेचं मेडिकल बोर्ड होतं; हात तपासून नोकरीत ठेवायचं की घरी पाठवायचं, ते तिथं ठरणार होतं. बोटं वळत होती, पण दादाला ती आपली वाटत नव्हती. तो दिवसभर त्यांच्याकडं बघत बसे. त्या बघण्याची मला भीती वाटे.

तेव्हा मिरजेत प्रदर्शन भरलं होतं. त्यात मुंबईहून आलेला खेळांच्या यंत्रांचा एक तंबू होता. तिथल्या एका यंत्राच्या पडद्यावर शत्रूंच्या रांगा खाली उतरत. डाव्या हातानं आपलं जहाज सरकवायचं, उजव्यानं गोळी झाडायची. शत्रू कमी होत तसे ते वेगानं चालून येत. तीन जहाजं मिळत. दादाची तिन्ही लगेच जात. तो पुन्हा उभा राही, पुन्हा मरे. शेवटी म्हणाला, "हात संपला, गड्या. बोर्डात बी ह्येच हुनार."

दुसऱ्या दिवशी मी तंबूवाल्याला गाठून खेळ सोपा करायला सांगितलं. त्यानं यंत्र बंद करून मागचं दार उघडलं, आतली बटणं फिरवली आणि पाच जहाजं केली. दादानं पडद्यावर बघितलं. खेळला नाही.

"दोन जहाजं कुणी वाढवली?"

मी तंबूवाल्याकडं बघितलं.

"शत्रू मला सवलत देतो व्हय रं?" म्हणून तो बाहेर पडला. संध्याकाळपर्यंत आला नाही. मी रेल्वेच्या रुळांकडं जाऊन आलो. तो प्रदर्शनाच्या कुंपणाशी उभा होता, हात खिशात.

मी त्याला आत आणलं. तंबूवाला म्हणाला, "आवं फौजी, ह्यो दुसरा खेळ बघा. टीव्हीला जोडलाय. फळीनं भिंतीवर चेंडू मारायचा. फळी मोठी का बारकी, चेंडू सावकाश का जोरात, तुमीच ठरवा. बटन भायरच हाय."

"आन मी जोरात लावला तर?"

"तर मरा. कोन आडवतंय?"

दादा बऱ्याच दिवसांनी हसला. उजव्या हातानं एकच चकती फिरवायची होती. त्यानं मोठी फळी, सावकाश चेंडू लावला. आठवडाभर रोज गेला. शेवटच्या संध्याकाळी त्यानं न सांगता फळी बारकी केली. चेंडू सुटले. सकाळच्या गाडीनं तो बोर्डासाठी गेला.

मी मागून त्याला पत्र लिहिलं:

"तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार. तंबू उठला. बोर्डात हाताला सुरुवातीलाच अवघड काम दिलं, तर सोपं मागून घे, मग वाढव. तिथं बटण तुझ्या हाती नसेल, पण मागता येईल. निकाल काहीही लागो, घरी ये. उत्तर उजव्या हातानं लिही. अक्षर मोठं आलं तरी चालेल."