आमच्या घरातला करंट

माझी सून लग्नाच्या फिल्मा जोडते. जळगावच्या एका स्टुडिओचं काम आहे. लग्न होऊन आमच्याकडे आल्यापासून ती धरणगावाहून रोज गाडीने जायची. या उन्हाळ्यात लग्नं फार होती, म्हणून स्टुडिओच्या मालकाने तिला लॅपटॉप घरी दिला आणि म्हणाला, घरूनच करा. आम्हाला आनंद झाला. तो आनंद त्याने महिनाभरात पार नासवला.

लॅपटॉप चांगला जाडजूड होता. त्याच्यासोबत दिलेला चार्जर मात्र तळहातावर मावेल एवढा. सुनेने तिथंच विचारलं होतं की याचा मोठा चार्जर होता ना. तो म्हणाला, "मोठं धूड कशाला वाहता ताई? हा टाइप-सी आहे, सगळ्याला चालतो."

पहिल्याच फिल्मला घोळ झाला. हळद, लग्न, गाणी, रंग सगळं जुळवून झालं की शेवटी रेंडर लावायचं, म्हणजे मशीन स्वतःच सगळ्याची एक सलग फिल्म बनवतं. त्याला वेळ लागतो. सून रेंडर लावून भाकरी करायला आली. परत गेली तर पडदा काळा. बॅटरी संपून लॅपटॉप बंद. चार्जर लागलेला, बोर्डाचं बटण चालू, आणि बॅटरी संपलेली! अर्धी झालेली फिल्म गेली, पुन्हा पहिल्यापासून लावायची.

तिने फोन केला. स्पीकर चालू होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"ताई, घरात कुणीतरी प्लग काढला असेल."

"नाही भाऊ, कुणी नाही काढला. आणि खाली एक सूचना येते, चार्जर कमी ताकदीचा आहे अशी."

"ती येतच असते. बंद करून टाका. सासूबाई असतात ना घरी? मिक्सर लावायला काढला असेल. बायकांचं असंच असतं."

मी चुलीजवळ बसले होते. माझा हात थांबला. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "माय वं, मी त्याले हात बी नही लावा."

"माले माहीत शे, माय," ती म्हणाली.

पण त्याला कोण सांगणार? परक्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही, फोनवर तर अजिबात नाही.

दुसऱ्या फिल्मलाही तेच झालं. आता त्याने नवं काढलं. "तुमच्या घरातला करंटच हलका आहे. कूलर, फ्रिज सगळं एका लाइनीवर असेल. ते बंद ठेवा. आणखी एक फिल्म अशी गेली तर लॅपटॉप परत आणून द्या, मी दुसरा माणूस बघतो."

सुनेचं काम जाणार होतं. म्हणून आम्ही कूलर बंद केला. मे महिन्यात, जळगाव जिल्ह्यात! खिडकीला ओलं पोतं लावलं आणि त्याच्याखाली बसलो. फ्रिज बंद, म्हणून दूध दोनदा तापवायचं. मिक्सर बंद, म्हणून शेंगदाण्याची चटणी मी खलबत्त्यात कुटली, खांदा भरून आला तरी कुटली. शेजारीण दारातून म्हणाली, "काय वं अक्का, लाइट कापी टाकी का तुमनी?" मी हसले. काय सांगणार, आमच्या करंटला जळगावच्या माणसाने नावं ठेवली आहेत म्हणून?

एवढं करूनही बॅटरी उतरतच होती. सून आता रेंडर लावून शेजारी बसून राहायची. चार्जिंगची खूण तशीच दिसायची आणि आकडा एकेक करत खाली यायचा. थोडा उरला की ती घाबरून काम थांबवायची. मग फिल्ममध्ये घालायची नवरा-नवरीची नुसती नावं टाइप करत बसली की तोच आकडा वर चढू लागायचा. मला वाटलं मशीनच वेडं आहे. सुनेला मात्र काहीतरी सुचलं. तिने लॅपटॉप उलटा केला, बुडावरचं बारीक लिखाण वाचलं, मग चार्जरवरचं वाचलं.

"माय, ह्याले एकशे ऐंशी वॅटना चार्जर लागस. हाऊ पासष्टना शे."

तिने मला समजावलं, ते मी माझ्या पद्धतीने लक्षात ठेवलं. चुलीवर भाकरी करणारी बाई एकटी. दोनच माणसं जेवायला असली तर टोपलीत भाकरी साठत जातात. पंगत बसली की ती थापतच असते, तवा तापलेलाच असतो, तरी टोपली रिकामी होत जाते. रेंडर म्हणजे पंगत. चार्जर देत होता तेवढं पुरत नव्हतं, उरलेलं मशीन बॅटरीतून खात होतं. कूलरचा काही संबंधच नव्हता.

तिने फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "आता तुम्ही मला शिकवणार? घेऊन या, दाखवतो."

तिने मला सोबत नेलं. एकटीला तिथं ऐकून घ्यावं लागू नये, एवढंच माझं काम. स्टुडिओत शिरपूरचं एक गिऱ्हाईक बसलं होतं, नवरीचे वडील. मालकाच्या टेबलावर मोठा नवा मॉनिटर. त्याने त्याची एकच वायर लॅपटॉपला लावली.

"बघा. चित्रही ह्याच वायरीने, चार्जिंगही ह्याच वायरीने. चढतंय की नाही? काकू, इथं कुणी प्लग काढत नाही ना!"

नवरीचे वडील हसले. मी पदर ओढला आणि खाली पाहिलं.

सून म्हणाली, "भाऊ, आता रेंडर लावा."

त्याने लावलं. पंखे घोंघावू लागले. तो गिऱ्हाइकाशी बोलत राहिला, चहा आला, चहा झाला. आकडा उतरला होता. त्याने वायर दाबून पाहिली. मग म्हणाला, "गरमीने होतं कधी कधी." ए. सी. चालू होता!

"ह्या मॉनिटरची वायरही त्या छोट्या चार्जरएवढीच ताकद देते," सून म्हणाली. "इथं लॅपटॉपवर फक्त फिल्म दाखवतात, रेंडर त्या मोठ्या कॉम्प्युटरवर होतं. म्हणून कधी कळलं नाही. मोठा चार्जर कुठे आहे?"

तो कपाटावरच्या खोक्यात होता, लॅपटॉप ज्यात आला त्याच खोक्यात. मॉनिटरच्या एका वायरीत भागतं आणि टेबल मोकळं दिसतं, म्हणून वर टाकलेला. विटेएवढा. तो लावला, तेच रेंडर चालू, आणि आकडा जागचा हलला नाही, थोड्या वेळाने चढायला लागला.

मला वाटलं, आता तरी तो माझ्याकडे बघून एक शब्द बोलेल. त्याने वायर गुंडाळली आणि म्हणाला, "मग आधी नीट सांगायचं ना ताई."

आधी! सूचना येते हे पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. परतीच्या बसमध्ये मी पिशवीतली ती वीट मांडीवर धरून बसले होते आणि अंगाची आग होत होती. ऊन होतं म्हणून नव्हे.

घरी आल्यावर सुनेने रेंडर लावलं. मी कूलर लावला, फ्रिज लावला. फिल्म पूर्ण होत आली तेव्हा त्याचा फोन आला.

"झालं का ताई? सासूबाईंना सांगितलंय ना, आज मिक्सर नको म्हणून?" आणि हसला.

मी उठले. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल मिरच्या भांड्यात टाकल्या आणि त्याच बोर्डावर मिक्सर लावला. फुल.

"हॅलो? हॅलो ताई? काही ऐकू येत नाही," तो ओरडत होता. सून तोंडावर हात धरून हसत होती. फिल्म चालू होती. चटणीचा पार भुगा झाला तरी मी बटण बंद केलं नाही.